गळ्यातला एक शब्द

दगडू भोयर मेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सावळघाट कारागृह पेटलं.

सुरुवात स्वयंपाकघरातून झाली. उकळत्या वरणाचं पातेलं दोन कैद्यांनी उचललं आणि दारावरच्या शिपायाच्या अंगावर उलटं केलं. तो शिपाई ओरडत अंगणात धावला तेव्हा त्याच्या मानेची कातडी सदऱ्याला चिकटली होती. मग सगळ्या बराकी एकदम फुटल्या. पलंगाच्या पट्ट्या उपसून त्यांच्या तलवारी झाल्या, कॅमेरे जळाले, वायरलेसचे संच हिसकावून फरशीवर आपटले गेले. दुपारपर्यंत राखीव दलाने अश्रुधूर सोडून, लाठ्या चालवून बराकी परत घेतल्या. अंगणात पाणी मारलं तरी रक्ताचा चिकटपणा जात नव्हता. सुतारशाळा मात्र हाती आली नव्हती.

तिथे हिरामण ढोले आतून लोखंडी दार लावून बसला होता. वय पन्नाशीच्या पुढे, खुनाची जन्मठेप. त्याच्याजवळ दोन शिपाई बांधलेले होते. एक पंजाबराव, निवृत्तीला आलेले हवालदार. दुसरा प्रसेन निमजे, वय वर्षं सव्वीस.

प्रसेनची थोरली बहीण वृंदा त्याच कारागृहाच्या नियंत्रण कक्षात समोरच्या पडद्याकडे बघत उभी होती. पडद्यावर तीन हिरवे ठिपके होते. हिरामण, पंजाबराव, प्रसेन. तिघांच्याही गळ्याला पट्टी होती आणि तिन्ही पट्ट्या चालू होत्या.

ही पट्टी सावळघाटला येऊन दोन वर्षं झाली होती. बोटभर रुंद, कातडीच्या रंगाची, गळ्याच्या घाटीवर चिकटवायची. माणूस मनातल्या मनात शब्द उच्चारतो तेव्हा ओठ मिटलेले असले तरी जीभ आणि घसा किंचित हलतात आणि त्या स्नायूंत विजेची बारीकशी थरथर उठते. पट्टी ती थरथर टिपायची आणि तिच्यावरून शब्द ओळखायची. अख्खं वाक्य तिला झेपत नसे, कारण एका शब्दाची थरथर पुढच्या शब्दात मिसळून जाते. एकटा शब्द मात्र ती क्वचितच चुकायची. भिंतींतल्या छोट्या खोक्यांमधून तो शब्द नियंत्रण कक्षात पोहोचे आणि तिकडून आलेलं उत्तर कानामागच्या हाडातून ऐकू येई. दुसऱ्या कुणाला त्याची चाहूल लागत नसे. कैदी असो की शिपाई, माणूस आतून ढासळायच्या आधी त्याने एक शब्द तरी बोलावा, असा त्यामागचा हेतू होता.

हेतू चांगला होता, पण उत्तर द्यायला बसवला होता 'सांत्वना' नावाचा प्रोग्रॅम. तो तयार करणाऱ्यांनी हिशेब एकाच बाजूचा केला होता. एखादा धोक्याचा शब्द सुटला तर माणूस जाईल, आणि उगाच धोका मानला तर काय बिघडलं? म्हणून 'थकलो', 'उदास', 'कंटाळा', 'एकटा' हे सगळे शब्द एकाच फडताळात. शब्द आला की कानात लांबलचक भाषण सुरू व्हायचं. छताचा भोंगा वाजायचा, दारं कुलूपबंद व्हायची आणि चार शिपाई येऊन त्या माणसाला निरीक्षण कोठडीत टाकायचे. अंगावरचे कपडे काढून घेऊन वर जाड गोधडीचा झगा. दिवा सतत चालू.

कैदी शहाणे झाले. ते रोज 'बरा' म्हणू लागले. शिपाईही 'बरा' म्हणू लागले. वरच्या कचेरीतले लोक आकडे बघून खूश होते.

दगडू भोयरला हे जमलं नाही. बायको वारल्याचा निरोप आला त्या दिवशी त्याच्या गळ्यातून 'दुःख' एवढाच शब्द गेला. शिपाई आले. सत्तरीचा म्हातारा कपडे काढू देईना. झटापट झाली, डोकं भिंतीच्या कोपऱ्यावर आपटलं. हिरामण त्याच्याच कोठडीत होता. त्याने हे सगळं पाहिलं, म्हाताऱ्याचा तो शब्दही शिपायांच्या तोंडून ऐकला.

"बोलतोय का तो?" अधीक्षक राजाध्यक्षांनी विचारलं. त्यांच्या कपाळावर दगड लागून बँडेज बांधलेलं होतं.

"अजून नाही, सर," वृंदा म्हणाली. "कर्ण्यावरून हाका मारल्या तर खिडकीतून रंधा फेकला."

"दार कापायला किती वेळ लागेल?"

कमांडो पथकाचा प्रमुख म्हणाला, "दार कापू, सर. पण त्याने आत स्पिरिटचे डबे ओतलेत. वास इथवर येतोय. त्याच्याकडे लायटर आहे. आम्ही आत जाईपर्यंत तिघंही जळतील."

तेवढ्यात हिरामणचा ठिपका पिवळा झाला. पडद्यावर शब्द उमटला.

दमलो.

वृंदाचा हात पुढे गेला, पण सांत्वना तिच्यापेक्षा वेगवान होती. "आपण दमला आहात हे समजून वाईट वाटलं. थकवा हा अनेकदा खोल नैराश्याचं लक्षण असतो. दीर्घ श्वास घ्या. आयुष्य सुंदर आहे. आपल्या मदतीसाठी आमचं पथक निघालं आहे…" आणि सुतारशाळेच्या छतावरचा भोंगा कर्कश वाजू लागला.

पथक निघालंय, हे हिरामणने ऐकलं. भोंगाही ऐकला. त्याला वाटलं, हल्ला झाला.

अंगणापलीकडून किंकाळी आली. तो प्रसेनचा आवाज होता. लगेच प्रसेनचा ठिपका पिवळा झाला. हात. पुन्हा हात. त्याच्या उजव्या हातावर हिरामणने लाकडी मोगरीचे घाव घातले होते, बोटांची हाडं पार चुरा होईपर्यंत.

वृंदाने सांत्वनाचा खटका ओढून बंद केला. भोंगा थांबला.

"निमजे मॅडम, हे वरून परवानगी घेतल्याशिवाय…"

"सर, यापुढे मी बोलते. मशीन नाही."

या नोकरीआधी वृंदा चार वर्षं मदतवाहिनीवर फोन घ्यायची. त्या खोलीत तिला एक गोष्ट उमगली होती. माणूस एकच शब्द बोलतो, तेव्हा तो दार बोटभर उघडून बघत असतो, बाहेर कोण आहे म्हणून. धक्का मारलात तर दार बंद होतं. काहीच केलं नाहीत तरी बंद होतं. शब्दाएवढंच उत्तर द्यायचं. त्याचा शब्द त्याला परत द्यायचा, मोठा न करता. 'मला कळतंय' म्हणायचं नाही, कारण कळलेलं नसतं. का, म्हणून विचारायचं नाही, कारण 'का' म्हटलं की माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. एक सोपा प्रश्न विचारायचा, एका शब्दात उत्तर देता येईल असा. मग गप्प राहायचं.

तिने खुर्चीत बसून माइक ओढला. आधी भाऊ. "प्रसेन, हात. कळलं. मी वृंदा. इथेच आहे."

भीती.

'घाबरू नकोस' जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं. "हो. असणारच. श्वास घेता येतोय?"

हो.

मग तिने हिरामणचा ठिपका निवडला. "ढोले, ती मशीन मी बंद केलीय. भोंगा तिचाच होता, हल्ला नव्हता. मी वृंदा निमजे, माणूस बोलतेय. तुम्ही दमलो म्हणालात."

पडदा स्तब्ध राहिला. राजाध्यक्ष कुजबुजले, "विचारा ना, काय पाहिजे म्हणून. मुलीचा विषय काढा. लेक आहे त्याला."

वृंदाने नकाराची मान हलवली. ती वाट बघत राहिली. खूप वेळाने शब्द आला.

खोटं.

"मशीन बंद केली ते खोटं वाटतंय?"

हो.

"बरं. मग पुन्हा तोच शब्द म्हणून बघा. भोंगा वाजतो का ते ऐका."

दमलो, असं पडद्यावर आलं. छत गप्प होतं.

"अंगाने दमलात, की सगळ्यालाच?"

सगळ्याला.

"हं," वृंदा म्हणाली. एवढंच. पुढे काही जोडलं नाही. खिडकीपाशी उभ्या असलेल्या कमांडोने दुर्बिणीतून पाहिलं आणि हळूच सांगितलं, "खाली बसला. मोगरी बाजूला ठेवली."

असंच चालू राहिलं असतं तर पंजाबराव कदाचित घरी गेले असते.

पण तेवढ्यात प्रसेनचा शब्द आला. रक्त.

ते त्याच्या फुटलेल्या हातातून गळत होतं, मघापासूनच. तो फक्त जे दिसतंय ते सांगत होता. 'कुठून?' एवढं विचारायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर तिने विचारलंही असतं. वृंदाच्या डोळ्यांपुढे मात्र चिरलेला गळा आला. तिने हिरामणचा ठिपका दाबला आणि तिचं बोलणं तिच्या हाताबाहेर गेलं.

"ढोले, काय केलंत त्याला? माझा भाऊ आहे तो! त्याचं काय चुकलं? तुम्हालाही लेक आहे, तिचा विचार करा, तिला काय वाटेल, खुन्याची मुलगी म्हणून ती…"

तिने जीभ चावली. उशीर झाला होता.

आत काय झालं ते प्रसेनने नंतर सांगितलं. हिरामण उठला. हातात रुंद पात्याची पटाशी होती. "माझ्या पोरीचं नाव घेते," एवढंच तो मोठ्याने बोलला आणि प्रसेनच्या केसांना धरून त्याने मान मागे ओढली. पंजाबरावांचे पाय बांधलेले होते. तरी ते उडी मारल्यासारखे मध्ये पडले. पटाशी त्यांच्या बरगड्यांखाली मुठीपर्यंत गेली. हिरामणने ती उपसली आणि तोंडातून आवाज न काढता आणखी दोनदा खुपसली. भुसा लाल झाला. पंजाबराव प्रसेनच्या मांडीवर डोकं ठेवून पडले. त्यांचे ओठ काही वेळ हलत राहिले.

नियंत्रण कक्षात आधी प्रसेनचा शब्द दिसला. काका. पंजाबरावांना तो अशीच हाक मारायचा. मग पंजाबरावांचा ठिपका राखाडी झाला. मग हिरामणचा शब्द.

मेला.

"बस झालं!" राजाध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटली. "कापा दार. जळाले तर जळाले."

"माझा भाऊ आत आहे, सर."

"म्हणूनच तुम्ही उठा इथून! तुमच्यामुळे गेला तो!"

वृंदा उठली नाही. "दार कापेपर्यंत तरी बोलू द्या," ती म्हणाली. "तुमचा वेळ जात नाहीये त्यात." पथकप्रमुखाने राजाध्यक्षांकडे बघून मान डोलावली. कटर घेऊन माणसं पुढे गेली.

"मेला," वृंदा माइकमध्ये म्हणाली. "ऐकलं."

तिने माइक आणखी जवळ घेतला.

"मी मघाशी तुमच्या मुलीला मध्ये आणलं. ते माझं चुकलं. आता आणणार नाही."

आग, असं प्रसेनच्या ठिपक्यावर आलं. या वेळी तिने आधी विचारलं. "लागली?"

नाही. लायटर.

"उघडलाय?"

हो.

हिरामणचा ठिपका पिवळा झाला. दमलो. तोच शब्द, तिसऱ्यांदा. पण आता तो शब्द एका मेलेल्या माणसाशेजारी, स्पिरिटने भिजलेल्या भुशात बसून, हातात लायटर घेऊन बोललेला होता. शब्द तोच असला तरी वजन तेच नसतं, हे सांत्वनाला कधी कळलं नव्हतं. दमलेल्या प्रत्येकाला मरायचं नसतं. ज्याला मरायचं असेल त्याला मात्र ते स्पष्ट विचारावं लागतं, आडून नाही. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट एकट्याने वाहायचं ओझं जरा टेकवता येतं.

"ढोले, मरायचा विचार आहे का?" वृंदाने विचारलं. आवाज तोच, वेळ किती झाली विचारावी तसा.

राजाध्यक्षांनी तोंडावर हात ठेवला.

हो.

"आत्ता?"

कटरची घरघर ऐकू येत होती. मग, माहीत. आणि क्षणभराने, नाही.

माहीत नाही. वृंदाने त्यावर झडप घातली नाही. 'बघा, म्हणजे जगायचंय तुम्हाला' असं ती म्हणाली असती तर तो नक्की ठरवून मोकळा झाला असता.

"माहीत नाही. ठीक आहे. आत्ता ठरवू नका मग."

दगडू.

"हो. दगडू भोयर."

दुःख.

हा शब्द कुणाचा होता हे तिला माहीत होतं. म्हाताऱ्याचा शेवटचा शब्द तो स्वतःच्या गळ्याने बोलत होता. तिच्याकडे त्यावर काही नव्हतं. शासनातर्फे दिलगिरी नव्हती, चौकशीचं वचन द्यायचा अधिकार नव्हता.

"त्यांनी दुःख म्हटलं," ती सावकाश बोलली, "आणि कुणी ऐकलं नाही."

पडद्यावर शब्दांऐवजी अर्धवट आकृत्या येऊ लागल्या. पट्टीला अर्थ लावता येत नव्हता. कमांडो दुर्बीण न काढता म्हणाला, "रडतोय."

रडणं थांबवायला वृंदाने एक अक्षरही उच्चारलं नाही. आकृत्या विरळ झाल्या, तेव्हा तिने विचारलं, "लायटर मिटवता येईल? थोड्या वेळापुरता."

मारतील.

"बाहेर माणसं आहेत, बंदुका आहेत. त्यांना हटवणं माझ्या हातात नाही. दार उघडून रिकामे हात आधी दाखवलेत तर गोळी घालू नये, एवढं मी त्यांना सांगू शकते. सांगू?"

प्रसेनचा ठिपका पिवळा झाला. मिटला.

मग हिरामण. सांग.

वृंदाने पथकप्रमुखाला ते सांगितलं. लोखंडी दाराचा अडसर निघाला. कटरवाले मागे सरले. आधी दोन रिकामे हात बाहेर आले, कोपरापर्यंत लाल. मग हिरामण बाहेर आला आणि अंगणात पालथा झोपला. गोळी सुटली नाही.

पण आतून पंजाबरावांचं प्रेत बाहेर आलं. त्यांच्या हाताखाली शिकलेले वीसेक शिपाई सकाळपासून मार खाऊन, भाजून तिथे उभे होते. कुणी हुकूम दिला नाही. पहिली लाठी हिरामणच्या पाठीवर पडली आणि मग सगळ्याच पडू लागल्या. बूट बरगड्यांवर, नडगीवर, तोंडावर. त्याचे दात फरशीवर सांडले. राजाध्यक्ष खिडकीपासून हलले नाहीत.

पडद्यावर शब्द उमटला. दुखतंय.

वृंदा जिना उतरून धावली. त्या गर्दीत आवाजाचा काही उपयोग नव्हता. ती घुसली आणि हिरामणवर आडवी झाली. एक लाठी उगारलेली होतीच, ती तिच्या खांद्यावर बसली. गळ्याजवळचं हाड काडीसारखं मोडलेलं तिला ऐकू आलं. मग कुणीतरी ओरडलं, "निमजे मॅडम आहे रे!" आणि हात थांबले.

स्ट्रेचरवरून जाताना प्रसेनने हे पाहिलं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरून तो तिच्याकडे बघायला तयार नव्हता. "काकांनी माझ्यासाठी पटाशी खाल्ली," तो छताकडे बघून म्हणाला. "आणि तू कुणासाठी लाठी खाल्लीस, ताई? त्याच्यासाठी?" वृंदाला बरंच बोलायचं होतं. "हो," ती म्हणाली. तो भिंतीकडे वळला. त्याच्या हाताची दोन बोटं काढावी लागली. पुढे कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलत राहिला.

चौकशी झाली. सांत्वना सावळघाटमधून काढली गेली आणि तिच्या जागी पाळीपाळीने माणसं बसू लागली. कैद्यांचे 'बरा' कमी झाले. 'थकलो', 'उदास' वाढले. वरच्या कचेरीला वाटलं, परिस्थिती बिघडली. हिरामणवर दुसरा खटला उभा राहिला. त्याला दुसऱ्या कारागृहात हलवलं, तो काठी घेऊन चालत गेला. जाताना तिच्याशी एक शब्दही बोलला नाही.

हे सगळं व्हायच्या आधी, पंजाबरावांच्या तेराव्यानंतर एका दुपारी वृंदाच्या मोबाइलवर संदेश आला. चंद्रभागा काकूंचा, पंजाबरावांच्या बायकोचा.

राग.

वृंदाचा हात गळ्यात बांधलेला होता. डाव्या हाताने तिने लिहायला घेतलं. काकू, मला माफ करा, त्या दिवशी मी प्रसेनचा शब्द चुकीचा… बराच मजकूर झाला. तिने तो पुन्हा वाचला. त्यात काकू कुठेच नव्हत्या, सगळी वृंदाच होती. तिने तो पुसला.

"माझ्यावर?" तिने विचारलं.

हो.

"येऊ का? की नको?"

तिने पुन्हा काही लिहिलं नाही. चहा केला, तो निवला. ऊन खिडकीतून निघून गेलं.

ये.

काकूंचं घर पोलीस वसाहतीच्या शेवटच्या इमारतीत होतं. दार उघडलं तसा त्यांनी हात उचलला आणि वृंदाच्या कानाखाली मारली, सगळं बळ लावून. वृंदा चौकटीवर आदळली. मोडलेल्या हाडातून कळ डोक्यात गेली, डोळ्यांत पाणी आलं. काकूंचा हात पुन्हा वर गेला होता. वृंदाने मान खाली घातली नाही, चेहराही झाकला नाही. हात तसाच हवेत राहिला आणि मग खाली आला.

"तूच बोलत होतीस न त्याच्याशी?" काकू धापा टाकत म्हणाल्या. "अन् तूच आडवी पडलीस त्याच्यावर?"

"हो."

काकू दारातून बाजूला झाल्या.

"ये आत. बस. हे कसे गेले ते मला कोणीच धड सांगत नाही. वीरमरण म्हणतात. तू सांग. पहिल्यापासून. काही लपवू नको अन् मधातच माझी समजूत घालू नको."

वृंदा चटईवर बसली. काकू भिंतीला टेकून समोर बसल्या. वृंदाने सांगायला सुरुवात केली.